धड्याचा सारांश वापरताना मूळ पाठ सुटू नये यासाठी: स्वागत-सभेनंतर वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जून महिन्यात दहावीचा वर्ग सुरू होताना नव्या विद्यार्थ्यांसमोर आणि त्यांच्या पालकांसमोर मी जे स्वागताचे भाषण करतो, त्याचा विषय दरवर्षी एकच असतो: धड्याचे सारांश जरूर वापरावेत, परंतु त्यांच्या भरवशावर मूळ पाठ सोडू नये. भाषणानंतर बेळगाव शहरातून, तसेच येळ्ळूर, उचगाव, खानापूर आणि निपाणी या बाजूंनी येणाऱ्या मुलांकडून व पालकांकडून जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, ते शक्यतो त्यांच्याच शब्दांत येथे एकत्र केले आहेत. उदाहरणासाठी बहुतेक ठिकाणी समाज विज्ञानातील कित्तूरच्या संघर्षाचा भाग घेतला आहे. कित्तूर, बैलहोंगल आणि नंदगड ही तिन्ही गावे आपल्याच जिल्ह्यातील असल्यामुळे मुलांना ही गोष्ट ऐकून माहीत असते, आणि ऐकून माहीत असलेल्या गोष्टीचा पाठच वाचायचा राहून जातो.

१. सर, सारांश म्हणजे तुम्ही नेमके कशाला म्हणता? गाइडमधला, की क्लासच्या नोट्समधला?

दोन्ही. धड्याच्या शेवटी चौकटीत दिलेले मुद्दे, बाजारातील गाइड, क्लासमध्ये वाटलेले एक पानाचे टिपण, मोबाइलवरील दहा मिनिटांचा व्हिडिओ, मागच्या वर्षीच्या ताईची वही, हे सगळे या पानावर सारांशच समजावे. कोणीतरी दुसऱ्याने पाठ वाचून त्यातले काय ठेवायचे आणि काय गाळायचे हे तुमच्या वतीने ठरवले आहे, ही त्या सर्वांमधील समान गोष्ट आहे. माझ्या नोट्ससुद्धा याला अपवाद नाहीत. तुम्ही स्वतः पाठ वाचून, पुस्तक मिटून लिहिलेल्या ओळी मात्र वेगळ्या मानाव्यात. त्यांना खाली ‘स्वतःच्या ओळी’ असे म्हटले आहे.

२. पाठच वाचायचा असेल, तर मग क्लासमध्ये सारांश देता कशाला?

सारांश दोन कामे चांगली करतो. पाठ वाचून झाल्यावर आपल्याकडून एखादा मोठा मुद्दा निसटला आहे का, हे त्याच्यामुळे लवकर कळते. आणि दीड-दोन महिन्यांनी उजळणी करताना संपूर्ण धड्याचा आराखडा पाच मिनिटांत डोळ्यांसमोर उभा राहतो. तिसरे काम, म्हणजे तो विषय पहिल्यांदा समजावून देणे, हे मात्र त्याला जमत नाही, कारण समजावण्यासाठी लागणारी कारणे, अटी आणि घटनांमधील दुवे गाळल्यामुळेच तो लहान झालेला असतो.

येथे आणखी एक गोष्ट लक्षात घ्यावी. सारांश पुन्हा पुन्हा वाचला की सगळे येते आहे असे वाटू लागते. रोडिगर आणि कार्पिक या दोन मानसशास्त्रज्ञांनी २००६ मध्ये विद्यार्थ्यांवर केलेल्या प्रयोगात असे दिसले, की उतारा पुन्हा पुन्हा वाचणाऱ्यांना पाच मिनिटांनी घेतलेल्या चाचणीत अधिक आठवले, परंतु एका आठवड्यानंतर मात्र उतारा वाचून तो न पाहता आठवून लिहिणारे पुढे गेले. आपली परीक्षा पाच मिनिटांनी नसते. म्हणूनच क्लासमध्ये सारांशाचा कागद पाठ वाचून झाल्यावरच हातात दिला जातो; त्यामागे कोणतीही शिस्तीची हौस नाही.

३. मग बसायचे कसे? आधी काय आणि नंतर काय, ते नेमके सांगा.

एका बैठकीला संपूर्ण धडा घेऊ नये. दोन-तीन पानांचा एक भाग घ्यावा आणि त्यासाठी साधारण पाऊण तास ठेवावा.

पहिले वाचन पेन्सिल न घेता, अडलेल्या शब्दावर न थांबता करावे. ही गोष्ट कोणाची आहे आणि ती कोठे जाऊन पोहोचते, एवढेच त्यातून कळले तरी पुरे. दुसऱ्या वाचनाला पेन्सिल घ्यावी, पण ओळींखाली रेघा न मारता फक्त जोडणाऱ्या शब्दांभोवती गोल करावेत: म्हणून, तरीही, त्यामुळे, परंतु, त्यानंतर, या अटीवर. मुले नावे आणि सनावळ्या अधोरेखित करतात, आणि त्या तर सारांशात असतातच. गळतात ते हे शब्द.

यानंतर पुस्तक मिटावे आणि आठवेल ते पाच-सहा पूर्ण वाक्यांत लिहावे. ‘पूर्ण वाक्यांत’ यावर माझा भर आहे, कारण बाण काढून लिहिलेल्या टिपणात दोन गोष्टींचा संबंध न समजताही तो दाखवल्याचा भास निर्माण होतो. स्वतःच्या ओळी लिहून झाल्यावर मगच सारांश उघडावा आणि दोन खुणा कराव्यात: सारांशात असून आपल्या ओळींत नाही त्याला फुली, आणि आपल्या ओळींत असून सारांशात नाही त्याला बरोबरची खूण. प्रत्येक फुलीसाठी परत पाठात जाऊन ते वाक्य शोधावे आणि आपल्या वहीत त्याचा पृष्ठक्रमांक टाकावा. फुलीचा मुद्दा सारांशावरून वहीत उतरवून घेतला, तर मूळ पाठाकडे परतण्याची एकमेव संधी हातची जाते. बहुतेक मुलांचे नेमके येथेच चुकते.

४. पण सारांशात सुटते तरी काय? महत्त्वाचे मुद्दे तर सगळे असतात.

मुद्दे असतात, पण मुद्द्यांच्या मधली जागा सुटते. भाषणात मी फळ्यावर लिहितो ते उदाहरण येथे सविस्तर देतो. कित्तूरचा सारांश बहुधा असा असतो:

कित्तूरचे शिवलिंगरुद्र सर्जा निपुत्रिक वारले. शिवलिंगप्पा याला दत्तक घेतले. इंग्रजांनी दत्तक नामंजूर केला. २३ ऑक्टोबर १८२४ रोजी युद्ध झाले, थॅकरे मारला गेला. डिसेंबर १८२४ मध्ये दुसऱ्या युद्धात कित्तूरचा पराभव झाला. राणी चन्नम्मा यांना बैलहोंगलच्या किल्ल्यात कैदेत ठेवले. १८२९ मध्ये तेथेच त्यांचा मृत्यू झाला.

यातील एकही वाक्य चुकीचे नाही, आणि एका गुणाच्या प्रश्नांना हे पुरेसेही आहे. आता ‘पहिल्या लढाईत विजय मिळूनही कित्तूरचा पराभव का झाला?’ हा प्रश्न घ्या. सारांशात चौथ्या वाक्यात विजय आहे आणि पाचव्या वाक्यात पराभव आहे. मध्ये काहीच नाही. ज्याने फक्त सारांश वाचला आहे, तो मुलगा ही पोकळी स्वतःच्या कल्पनेने भरतो आणि लिहितो की इंग्रज बलाढ्य होते. परंतु बलाढ्य तर ते ऑक्टोबरमध्येही होते.

प्रत्यक्षात मधल्या सहा आठवड्यांत बरेच घडले. ऑक्टोबरच्या लढाईत धारवाडचा कलेक्टर थॅकरे मारला गेला आणि स्टीव्हन्सन व इलियट हे दोन इंग्रज अधिकारी कित्तूरच्या हाती सापडले. ते ओलीस असल्यामुळे वाटाघाटीत कित्तूरची बाजू भक्कम होती. दख्खनचा कमिशनर चॅप्लिन याच्याशी बोलणी झाली, युद्ध थांबेल या समजुतीवर राणींनी त्या दोघांना सोडले, आणि त्यानंतर लगेच मोठी फौज व तोफखाना किल्ल्यावर चालून आला. आता ‘का’ या प्रश्नाला उत्तर आहे: हातातला ओलीस सुटला, लढाई थांबेल हा भरवसा फोल ठरला, आणि तोवर इंग्रजांना सैन्य गोळा करायला वेळ मिळालेला होता. सैन्यबळ हे कारण खरेच आहे, पण ते या क्रमात बसवले तरच चार गुणांचे उत्तर होते.

दुसरी पोकळी तिसऱ्या आणि चौथ्या वाक्यांच्या मध्ये आहे. दत्तक नामंजूर झाला, एवढ्याने कोणी दुसऱ्या दिवशी तोफा डागत नाही. थॅकरेने कित्तूरच्या खजिन्यावर मोहोर लावली, वाड्यावर आपला ताबा बसवण्याचा प्रयत्न केला, आणि मग शस्त्रे निघाली. वारसाहक्काचा कागदोपत्री वाद दाराशी येऊन ठेपला तो या टप्प्यावर. ‘युद्धाची तात्कालिक कारणे’ विचारली, तर हेच विचारलेले असते.

तिसरी गोष्ट पोकळी नसून कुंपण आहे. सारांशात संगोळ्ळी रायण्णा यांना वेगळे शीर्षक आणि वेगळे चार मुद्दे मिळतात, त्यामुळे तो दुसराच उठाव आहे असे मुलांना वाटते. रायण्णा यांची मागणी तीच होती: शिवलिंगप्पाला कित्तूरच्या गादीवर बसवावे. १८२४ चा वाद १८३१ च्या जानेवारीत नंदगडला त्यांना फाशी दिली जाईपर्यंत चालूच होता. खानापूर तालुक्यातील मुलांनी नंदगडची ती जागा आणि तेथील वडाचे झाड पाहिलेले असते, तरीही तिचा कित्तूरच्या दत्तकाशी असलेला संबंध त्यांच्या उत्तरात येत नाही, कारण सारांशाने ही दोन प्रकरणे वेगवेगळ्या चौकटींत टाकलेली असतात.

५. माझा दादा नुसते गाइड वाचून पास झाला. मग मला का जमणार नाही?

पास होण्यापुरते जमू शकते, हे मी नाकारत नाही. समाज विज्ञानाच्या ८० गुणांच्या लेखी परीक्षेत एका गुणाचे आणि पर्यायी प्रश्न असतात, दोन गुणांचेही असतात, आणि त्यांतील बरेच सारांशावर सुटतात. अडचण तीन-चार गुणांच्या प्रश्नांत येते, जेथे कारणे द्या, स्पष्ट करा, विश्लेषण करा असे विचारलेले असते. तेथे लागणारा मजकूर प्रश्न ४ मध्ये दाखवलेल्या मोकळ्या जागांतच असतो. शिवाय गाइडवर अवलंबून असलेल्या मुलाला प्रश्नाची भाषा थोडी बदलली की आपल्याला उत्तर येते हेच ओळखता येत नाही.

६. मला पाठ समजला आहे की फक्त सारांश पाठ झाला आहे, हे ओळखायचे कसे?

स्वतःवर करून पाहण्यासारख्या दोन तपासण्या आहेत. पहिली म्हणजे सारांशातील कोणतीही दोन लागोपाठची वाक्ये घ्यावीत आणि त्यांच्यामध्ये ‘म्हणून’ येईल, ‘तरीही’ येईल, की नुसते ‘त्यानंतर’, हे पुस्तक न पाहता सांगावे आणि का ते एका वाक्यात बोलून दाखवावे. ‘थॅकरे मारला गेला’ आणि ‘दुसऱ्या युद्धात पराभव झाला’ यांच्यामध्ये जो ‘म्हणून’ घालतो, त्याने पाठ वाचलेला नाही हे मला लगेच कळते, आणि त्यालाही कळायला हवे.

दुसरी तपासणी क्रम उलटा करून घ्यावी. शेवटच्या घटनेपासून मागे येत ‘याच्या आधी काय व्हावे लागले?’ असे विचारत जावे. सारांश वरून खाली पाठ केलेला असला, तर उलट्या दिशेने दुसऱ्याच पायरीवर अडखळायला होते. पाठ समजलेला असला, तर सन विसरला तरी क्रम चुकत नाही.

घडाघडा म्हणता येणे ही खूण मी धरत नाही. उलट, एखादी मुलगी ‘पराभव’ हा शब्द नेमक्या गाइडच्याच वाक्यात म्हणते, तेव्हा मी तिला तीच गोष्ट घरी आजीला सांगतो तशी सांगायला लावतो.

७. सारांशात एक आणि पुस्तकात दुसरेच असेल, तर खरे काय धरायचे?

परीक्षेसाठी आपल्या पाठ्यपुस्तकात छापलेले धरावे, आणि फरक वहीत नोंदवून मला दाखवावा. हे फरक दोन प्रकारचे असतात.

एक म्हणजे खरोखरच मतभेद असलेला तपशील. शिवलिंगप्पाला दत्तक कोणी घेतले, मरणशय्येवरील शिवलिंगरुद्र सर्जा यांनी की त्यांच्या पश्चात राणी चन्नम्मा यांनी, याबद्दल निरनिराळ्या लेखनांत निरनिराळे सांगितलेले आढळते. हा फरक क्षुल्लकही नाही. तो दत्तक नेमका केव्हा आणि कसा झाला, यावरच इंग्रजांनी संशय घेतला होता. अशा ठिकाणी गाइड चुकले असे म्हणता येत नाही, पण उत्तरपत्रिकेत पुस्तकाप्रमाणेच लिहावे.

दुसरा प्रकार सारांश करताना शिरलेल्या चुकीचा. ‘दत्तक नामंजूर’ हा शब्द दिसला की काही टिपणांत पुढे डलहौसीचे नाव जोडलेले असते, कारण पुढच्या इतिहासात सातारा आणि झाशीच्या संदर्भात ती जोडी पाठ झालेली असते. डलहौसी गव्हर्नर जनरल होऊन आला १८४८ मध्ये, आणि तोवर राणी चन्नम्मांना जाऊन जवळजवळ वीस वर्षे झाली होती. १८२४ मध्ये गव्हर्नर जनरल अॅमहर्स्ट होता, तर मुंबईचा गव्हर्नर एल्फिन्स्टन. दत्तकाला मान्यता न देण्याचे प्रकार डलहौसीच्या आधीही घडत होते; त्याने ते धोरण म्हणून सरसकट राबवले. एखाद्या सारांशात दोन मुद्दे संशय यावा इतके नीट जुळलेले दिसले, तर दोघांचे सन शेजारी लिहून पाहावेत.

८. कोल्हापूरहून आणलेले महाराष्ट्र बोर्डाचे गाइड चालेल का? मराठी माध्यमाची चांगली गाइड इकडे मिळतच नाहीत.

ही अडचण खरी आहे, आणि निपाणीकडच्या मुलांना कोल्हापूरचे दुकान जवळ पडते हेही खरे. तरीही समाज विज्ञानासाठी ते गाइड घेऊ नये. महाराष्ट्राच्या दहावीच्या इतिहासाच्या पुस्तकाची रचनाच वेगळी आहे. त्यात इतिहासलेखन, प्रसारमाध्यमे, पर्यटन यांसारखे विषय आहेत, तर आपल्याकडे समाज विज्ञान या एकाच विषयात इतिहासाबरोबर राज्यशास्त्र, समाजशास्त्र, भूगोल, अर्थशास्त्र आणि व्यवसाय अध्ययनही येते. कित्तूरचा भाग आपल्या पुस्तकाच्या क्रमाने तेथे सापडणार नाही.

विज्ञानात प्रकरणांचे विषय पुष्कळसे जुळतात, म्हणून तेथे धोका अधिक. महाराष्ट्राचे विज्ञान दोन भागांत विभागलेले आहे, प्रकरणांची खोली वेगळी आहे, आणि एकाच संकल्पनेसाठी वापरलेली मराठी संज्ञा दोन्ही पुस्तकांत सारखीच असेल असे नाही. तसे गाइड घरात असेलच, तर त्यातील सोडवलेली उदाहरणे सरावाला घ्यावीत आणि व्याख्या मात्र आपल्या पुस्तकातूनच कराव्यात.

९. कन्नडमधले किंवा इंग्रजीतले व्हिडिओ चांगले आहेत. ते पाहिले तर पाठ वाचल्यासारखेच झाले ना?

नाही, पण त्यांचा उपयोग आहे. आपल्या भागातील मुलांना कन्नड ऐकून समजते आणि कर्नाटकाच्या अभ्यासक्रमाचे स्पष्टीकरण त्या भाषेत भरपूर मिळते, त्यामुळे ते पाहायला माझी हरकत नाही. मात्र उत्तर मराठीत लिहायचे आहे. व्हिडिओ पाहिल्यावर मुलाला विषय समजतो आणि परीक्षेत संज्ञा कन्नडमध्ये आठवते, असे होते. म्हणून व्हिडिओ पाहताना आपले मराठी पुस्तक समोर उघडे ठेवावे, एखादी संज्ञा आली की व्हिडिओ थांबवून पुस्तकात तिच्यावर बोट ठेवावे, आणि मगच पुढे जावे. त्यामुळे दहा मिनिटांचा व्हिडिओ अर्ध्या तासाचा होतो. बाकीची पद्धत प्रश्न ३ प्रमाणेच.

१०. विज्ञानात तर सूत्रे आणि व्याख्याच असतात. तेथे सारांश पुरत नाही का?

तेथे अटी गळतात. सूत्रांच्या यादीत ओमचा नियम V = IR असा एका ओळीत येतो. पुस्तकातील विधानात मात्र त्या वाहकाचे तापमान स्थिर असताना, ही अट आहे. नुसते सूत्र पाठ करणाऱ्याला जुन्या पद्धतीच्या बल्बमधील तार तापल्यावर तिचा रोध का वाढतो आणि आलेख सरळ रेषेत का राहत नाही, हे सांगता येत नाही. त्याला वाटते नियम मोडला. नियम मोडलेला नाही, अट बदललेली आहे.

प्रत्येक सूत्रापुढे ‘केव्हा लागू’ असा एक रकाना आखून तो पाठातूनच भरावा. प्रयोगांच्या आकृत्या आणि कृती यांचेही तसेच: सारांशात निष्कर्ष असतो, पण प्रश्न अनेकदा निरीक्षणावर येतो.

११. कवितेचा भावार्थ पाठ केला तर चालेल?

कवितेच्या बाबतीत माझे उत्तर सर्वांत कडक आहे: भावार्थ शेवटी, आणि तोही एकदाच. पाठातील माहिती दुसऱ्या शब्दांत सांगता येते. कवितेतील ओळ दुसऱ्या शब्दांत सांगितली की ती ओळ उरत नाही. प्रथम भाषेच्या प्रश्नपत्रिकेत ओळींचा संदर्भ, शब्दाचा अर्थ किंवा कल्पना यांवर प्रश्न येतो, तेव्हा भावार्थाचा परिच्छेद उतरवणाऱ्याला विचारलेल्या ओळीपर्यंत पोहोचताच येत नाही. कविता आधी दोनदा मोठ्याने वाचावी.

१२. आमचा मुलगा सातवीपर्यंत कन्नड माध्यमात होता आणि मराठी फार सावकाश वाचतो. त्याने आधी सारांश वाचला तर बिघडले काय?

त्याच्यासाठी क्रम बदलावा. हा खरा अपवाद आहे. ज्याची शक्ती अक्षरे लावण्यातच खर्च होते, त्याला पाठातील नावे आणि घटना आधी थोड्या परिचित असल्या तर अर्थाकडे लक्ष देता येते. त्याने सारांश प्रथम एकदा वाचावा किंवा ऐकावा, मग पाठाचे एकच पान कोणीतरी मोठ्याने वाचत असताना स्वतः बोटाने ओळीवरून जावे, आणि नंतर तेच पान एकट्याने वाचावे. पुस्तक मिटून लिहिण्याऐवजी तोंडी सांगितले तरी चालेल. अट एवढीच, की सारांश वाचल्याच्या दिवशीच ते पान वाचले गेले पाहिजे.

हीच सवलत नावांची गर्दी असलेल्या प्रकरणात कोणालाही घेता येईल. हळगलीच्या बेडरांपासून सुरपूरपर्यंत अनेक उठाव एकाच पाठात येतात, तेव्हा आधी स्थळांची नावे नकाशावर पाहून घेणे शहाणपणाचे आहे. केवळ कंटाळा आला म्हणून ही सवलत घेणाऱ्यांना मी ओळखतो.

१३. परीक्षा तीन आठवड्यांवर आली आणि धडे वाचायचे राहिलेत. आता तरी नुसता सारांश वाचू का?

सगळेच वाचायचे राहिले असेल, तर प्रत्येक धड्याचा सारांश वाचून काही धड्यांचा पाठ वाचावा. कोणते धडे, हे ठरवण्यासाठी सारांशच वापरावा: ज्या सारांशातील वाक्यांमध्ये तुम्हाला ‘म्हणून’ की ‘तरीही’ हे सांगता येत नाही (प्रश्न ६), ते धडे आधी घ्यावेत, आणि त्यांतही फक्त अडलेल्या दुव्याची पाने वाचावीत. कित्तूरच्या बाबतीत ते दोन परिच्छेद निघतील, संपूर्ण पाठ नव्हे. अशा वेळी एक धडा पूर्ण आणि चार कोरे, यापेक्षा पाच धड्यांतील अवघड दुवे वाचलेले बरे.

आदल्या रात्री नवीन पाठ उघडू नये. तेव्हा स्वतःच्या ओळी आणि त्यांच्यापुढचे पृष्ठक्रमांक असलेली वही असेल तर ती वाचावी, नसेल तर सारांश वाचून झोपावे.

१४. माझे शिक्षण कन्नडमध्ये झाले आहे, मराठी पुस्तक मला धड वाचता येत नाही. मुलीने पाठ वाचला की नाही हे मी कसे तपासू?

पुस्तक वाचण्याची गरज नाही. तिची वही पाहावी. प्रश्न ३ मधील खुणा आणि पृष्ठक्रमांक तेथे आहेत का, एवढे कोणालाही दिसते. एकही फुली नसलेली वही दिसली तर ती सारांश समोर ठेवून लिहिलेली आहे असे समजावे, कारण पहिल्या प्रयत्नात सारांशाशी तंतोतंत जुळणाऱ्या ओळी कोणी लिहीत नाही. त्याशिवाय तिला ती गोष्ट कन्नडमध्ये सांगायला लावावी आणि मध्ये मध्ये ‘मग लगेच असे का झाले?’ असे विचारावे. पाठ केलेले वाक्य भाषा बदलताना तुटते, समजलेली गोष्ट तुटत नाही. हाच प्रश्न मराठी वाचता येणाऱ्या पालकांनीही विचारावा. पुस्तक हातात धरून ओळीओळीला तपासणे मुलांना आवडत नाही आणि त्यातून फारसे कळतही नाही.

१५. वर्ग सुरू झाला तरी पाठ्यपुस्तक हातात आलेले नाही. तोवर सारांशावर सुरुवात करू का?

कर्नाटक पाठ्यपुस्तक संघाच्या संकेतस्थळावर पुस्तके पीडीएफ स्वरूपात मिळतात, आणि माध्यम निवडताना मराठी निवडता येते. मोबाइलवर सलग वाचणे त्रासाचे आहे, म्हणून चालू धड्याचीच पाने छापून घ्यावीत. दोन-तीन घरांनी मिळून एक प्रत काढली तर खर्चही विभागला जातो. मागच्या वर्षीचे पुस्तक मिळाले तरी चालते, मात्र धड्यांची अनुक्रमणिका नव्या पीडीएफशी ताडून पाहावी, कारण मधल्या काळात एखादा धडा बदललेला किंवा वगळलेला असू शकतो. यांपैकी काहीच जमले नाही, तर क्लासमध्ये एक संच ठेवलेला असतो. तो घरी नेता येत नाही, पण संध्याकाळच्या तुकडीच्या आधी अर्धा तास येऊन वाचता येतो, आणि त्या वेळेत सारांशाचा कागद मागू नये, तो तेव्हा दिला जात नाही.